पडदा उघडण्याआधीचा एक सेकंद

आमच्या भागातल्या एका जुन्या सार्वजनिक वाचनालयासाठी ॲप तयार करण्याचे काम माझ्याकडे आले, तेव्हा त्यातला सर्वांत अवघड भाग कोणता असेल याचा माझा अंदाज साफ चुकला. पुस्तकांची यादी, वर्गणी, राखून ठेवलेली पुस्तके, परत करण्याची तारीख हे सगळे महिनाभरात उभे राहिले. अडले ते एका अक्षरापाशी. ॲपवर बोट ठेवल्यापासून ते उघडेपर्यंत जो क्षण जातो, त्या क्षणात पडद्यावर 'अ' लिहिला जावा, अशी वाचनालयाच्या कार्यवाहांची इच्छा होती.

त्यासाठी त्यांनी एका ज्येष्ठ सुलेखनकारांना गळ घातली. आम्ही सगळे त्यांना काका म्हणतो. काकांनी बोरू शाईत बुडवला आणि कागदावर एक 'अ' काढला. आधी डावीकडची दोन पोटांची वळणदार रेघ, मग मधला आडवा दुवा, मग उभा काना आणि सर्वांत शेवटी डोक्यावरची शिरोरेषा. मी ते मोबाइलवर चित्रित केले. सारे मिळून चार सेकंद लागले होते.

"हे असंच्या असं दिसलं पाहिजे," कार्यवाह म्हणाले.

"दिसेल," मी म्हणाले. न तपासता दिलेला हा होकार मला पुढे तीन आठवडे पुरला. त्या तीन आठवड्यांत जे उमगले ते इथे मांडते. तो एक सेकंद आपण रोज पन्नास वेळा पाहतो, पण तो कोणाच्या मालकीचा असतो हे फारसे कोणाला ठाऊक नसते.

नट रंगपटात पोहोचलेलेच नसतात

ॲप उघडताना दिसणाऱ्या चित्राला स्प्लॅश स्क्रीन म्हणतात. ते चित्र ॲपच दाखवते, असा आपला समज असतो. माझा धंदा हाच असून माझाही अर्धवट तसाच समज होता. वस्तुस्थिती उलट आहे. आपण चिन्हावर बोट टेकवतो त्या घडीला ॲप चालू नसते. फोनच्या प्रणालीला आधी त्याच्यासाठी एक स्वतंत्र प्रक्रिया निर्माण करावी लागते, मग त्या प्रक्रियेत ॲपची आज्ञावली चढवावी लागते, मग पहिला पडदा बांधावा लागतो आणि शेवटी तो रंगवावा लागतो. याला कोल्ड स्टार्ट म्हणतात. या अवधीत पडदा कोरा ठेवला, तर बोट नीट लागले नाही असे समजून माणूस पुन्हा पुन्हा टिचक्या मारतो. म्हणून प्रणाली स्वतःच एक खिडकी लगेच उघडून ठेवते. स्प्लॅश ती हीच.

नाट्यगृहाचे उदाहरण घेऊ. प्रेक्षक येऊन बसले आहेत, पण नटमंडळींची गाडी अजून फाटकाशीही आलेली नाही. अशा वेळी व्यवस्थापक काय करू शकतो? कंपनीने आधी पोस्टाने पाठवलेले भित्तिपत्रक पडद्यावर टांगू शकतो आणि दिवा लावू शकतो. नटाच्या वतीने तो संवाद म्हणू शकत नाही. स्प्लॅशवरची जवळजवळ सगळी बंधने या एका गोष्टीतून निघतात. ॲपची आज्ञावली त्या वेळी हजर नसल्याने तिच्यावर अवलंबून असलेले काहीही तिथे चालत नाही. चालते ते फक्त आधी लिहून ठेवलेले वर्णन, आणि ते वाचून चित्र काढते प्रणाली.

अँड्रॉइडवर २०२१ पर्यंत या खिडकीत फारसे काही नसे. म्हणून आम्ही मंडळी एक पळवाट वापरायचो. पहिला पडदा म्हणून एक वेगळाच नावापुरता पडदा करायचा, त्यात हवे ते ॲनिमेशन लावायचे, तीन सेकंद घड्याळ लावून थांबायचे आणि मग खऱ्या पडद्यावर जायचे. ती तीन सेकंदे यंत्राला लागत नसत, आमच्या हौसेला लागत. रोज पाच वेळा ॲप उघडणाऱ्याचे दिवसाला पंधरा सेकंद त्यात जात, म्हणजे वर्षाला सुमारे दीड तास.

ऑक्टोबर २०२१ मध्ये अँड्रॉइड १२ आले आणि प्रणालीने ही खिडकी सर्व ॲपांसाठी सारखी करून टाकली. तुम्ही काही सांगा वा न सांगा, स्प्लॅश दिसणारच. सांगितले नाही, तर ॲपचे चिन्हच मध्यभागी दिसते. जुनी पळवाट तशीच ठेवली, तर ग्राहकाला एकापाठोपाठ दोन स्प्लॅश दिसतात, आधी प्रणालीचा आणि मग आमचा. काही ॲपांमध्ये चिन्ह लागोपाठ दोनदा उमटताना दिसते, ते यामुळे.

वर्तुळातला चौकोन

आता बंधने एकेक करून पाहू. पहिले बंधन जागेचे. अँड्रॉइड १२ पासून स्प्लॅशवर एक सपाट पार्श्वरंग, मधोमध एक चिन्ह आणि हवे असल्यास तळाशी एक छोटी नाममुद्रा, एवढेच ठेवता येते. चिन्हाच्या मागे रंगीत तबकडी नको असेल, तर ते २८८ बाय २८८ डीपीच्या चौकोनात काढायचे. डीपी हे पडद्यावरचे माप आहे. ढोबळमानाने १६० डीपी म्हणजे एक इंच. पण त्या चौकोनातले सगळे दिसत नाही. मधल्या १९२ डीपी व्यासाच्या वर्तुळात जे मावेल तेच दिसते, बाकीचे प्रणाली कापून टाकते.

मी काकांचा 'अ' १८० डीपी रुंदीचा केला आणि समाधानाने फोनवर टाकला. शिरोरेषेची दोन्ही टोके गोलाईत छाटली गेली होती. गोल चिन्हांना हा त्रास होत नाही, पण देवनागरी अक्षराच्या डोक्यावर आडवी पट्टी असते आणि तिचे कोपरे अक्षराच्या चौकटीच्या अगदी टोकाला जातात. वर्तुळात बसणाऱ्या सर्वांत मोठ्या चौकोनाची बाजू म्हणजे व्यास भागिले दोनचे वर्गमूळ. १९२ भागिले १.४१४ केले की १३६ येते. म्हणजे जवळपास चौकोनी असलेले आमचे अक्षर फार तर १३६ डीपी, सव्वादोन सेंटिमीटरच्या आतबाहेर, एवढेच मोठे होऊ शकत होते. श्वास घ्यायला थोडी जागा सोडून आम्ही १३० वर थांबलो. काका म्हणाले, "तिकिटावर लिहायला लावलंत." पण त्यांनी हरकत घेतली नाही.

बोरूची रेघ आणि यंत्राची रेघ

दुसरे बंधन हालचालीच्या जातीचे. मी घेतलेले चित्रण तिथे लावता येत नाही, कारण व्हिडिओ चालत नाही. चित्रकार आजकाल ज्या लोटी नावाच्या पद्धतीने हालती चित्रे पाठवतात, तीही चालत नाही, कारण ती चालवायला ॲपमधली आज्ञावली लागते आणि ती तर अजून फाटकाबाहेर आहे. चालतो तो एकच प्रकार, प्रणालीला स्वतःला वाचता येणारे रेषाचित्राचे वर्णन. त्याला ॲनिमेटेड व्हेक्टर ड्रॉएबल म्हणतात. त्यात वळणांचे बिंदू लिहायचे आणि कोणते मूल्य किती वेळात कुठून कुठे जाईल ते लिहायचे. मजकुराला तिथे स्थान नाही, त्यामुळे अक्षरसुद्धा आकृती म्हणूनच काढावे लागते.

लिहिल्याचा भास देणारे एक साधन यात आहे. एखाद्या रेषेचा किती भाग दाखवायचा हे `trimPathEnd` या मूल्याने ठरते. ते शून्यापासून एकपर्यंत नेले की रेघ ओढली जाताना दिसते. अडचण अशी की या रेघेची जाडी सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखी असते. बोरूचे सौंदर्य नेमके तिथे नसते. तिरप्या कापलेल्या टाकाने वळणावर रेघ बारीक होते आणि पोटात भरते. एकसारख्या जाडीचा 'अ' पाहून काका काहीच बोलले नाहीत, आणि त्यांचे न बोलणे पुरेसे होते.

यावर जो उपाय सापडला तो शिवणकामातल्या अस्तरासारखा आहे. काकांच्या अक्षराची खरी बाह्यरेखा घ्यायची आणि तिला खिडकी करायची, म्हणजे तिच्या आतलेच दिसेल असे सांगायचे. मग त्या खिडकीमागून अक्षराच्या मध्यरेषेवरून एक भरपूर जाड, सारख्या जाडीची रेघ ओढायची. रेघ बेढब असते, पण तिच्या कडा खिडकी कापते, त्यामुळे डोळ्याला बोरूचीच बारीकजाड रेघ उमटताना दिसते. मात्र संपूर्ण अक्षराला एकच खिडकी ठेवली, तर घोटाळा होतो. डावे वळण ओढताना जाड रेघेची कड मधल्या दुव्यापर्यंत पोहोचते आणि तिथे वेळेआधीच शाईचा डाग दिसतो. म्हणून अक्षराचे चार अवयव सुटे केले आणि प्रत्येकाला स्वतःची खिडकी दिली. गंमत म्हणजे ते चार अवयव काकांच्या हाताच्या चार उचलींशी तंतोतंत जुळले.

'अ'चा तीन झाला

तिसरे बंधन काळाचे, आणि तेच सगळ्यांत फसवे आहे. चिन्हाचे ॲनिमेशन एक हजार मिलिसेकंदांपेक्षा, म्हणजे एका सेकंदापेक्षा लांब नसावे असे अँड्रॉइडचे सांगणे आहे. सुरुवात थोडी उशिरा करायची, तर तो उशीर १६६ मिलिसेकंदांच्या वर जाऊ नये. चार सेकंदांच्या 'अ'चे काय होणार ते इथेच ठरले.

प्रणालीला द्यायची टिपण एवढीशी असते:

```xml
<style name="Theme.App.Starting" parent="Theme.SplashScreen">
  <item name="windowSplashScreenBackground">@color/paper</item>
  <item name="windowSplashScreenAnimatedIcon">@drawable/akshar</item>
  <item name="windowSplashScreenAnimationDuration">900</item>
  <item name="postSplashScreenTheme">@style/Theme.App</item>
</style>
```

चौथ्या ओळीतला आकडा वाचून कोणालाही वाटेल की स्प्लॅश ९०० मिलिसेकंद दिसेल. तसे होत नाही. तो आकडा म्हणजे निव्वळ नोंद आहे: माझे ॲनिमेशन इतके लांब आहे, एवढेच तो सांगतो. स्प्लॅश किती वेळ दिसावा याच्याशी त्याचा संबंध नाही. ॲपने आपला पहिला पडदा रंगवला की त्याच क्षणी प्रणाली स्प्लॅश काढून घेते, मग अक्षर पुरे झालेले असो वा नसो.

आमच्या ९०० मिलिसेकंदांची वाटणी अशी होती: डावे वळण ४००, दुवा १२०, काना १८०, शिरोरेषा २००. मी दोन फोनांवर ते तपासले. मोजायला दुसऱ्या फोनचा संथगती कॅमेरा वापरला. तो सेकंदाला २४० चौकटी टिपतो, म्हणजे एक चौकट साधारण चार मिलिसेकंदांची. स्प्लॅश दिसल्यापासून जाईपर्यंतच्या चौकटी मोजायच्या आणि भागाकार करायचा. माझ्या नव्या फोनवर १०९ चौकटी भरल्या, म्हणजे सुमारे ४५४ मिलिसेकंद. वाचनालयाच्या ग्रंथपालबाईंच्या जुन्या, स्वस्तातल्या फोनवर ४३० चौकटी, म्हणजे जवळजवळ १.८ सेकंद.

यातून विचित्र निकाल निघाला. सावकाश फोनवर अक्षर पूर्ण लिहून व्हायचे आणि वर जवळजवळ तेवढाच वेळ स्थिर उभे राहायचे. वेगवान फोनवर मात्र ४५४ व्या मिलिसेकंदाला पडदा उघडायचा. तोवर डावे वळण झालेले आणि दुव्याची नुकती सुरुवात. 'अ'चे डावे वळण म्हणजे आपला तीनचा आकडाच. काकांनी नव्या फोनवर दोनदा उघडून पाहिले आणि विचारले, "वाचनालयाचं नाव तीन ठेवलंय का?"

त्याच सुमारास आणखी एक चकवा भेटला. संगणकाला फोन जोडून ॲप चालवले की चिन्ह अजिबात दिसायचे नाही, नुसता पार्श्वरंग. मी दोन तास आकृतीतली चूक शोधत बसले. चूक नव्हतीच. अँड्रॉइड १२ वर मुख्य पडद्यावरच्या चिन्हाला बोट लावून ॲप उघडले तर स्प्लॅशचे चिन्ह दिसते, पण दुसऱ्या मार्गाने, म्हणजे संगणकावरून किंवा सूचनेवर बोट ठेवून उघडले, तर ते दिसेलच असे नाही. त्यामुळे असे काम तपासताना तार काढून, हाताने, मुख्य पडद्यावरूनच उघडून पाहावे.

थांबवून धरण्याचा मोह

'अ'चा तीन होऊ नये म्हणून सरळ उपाय एकच दिसत होता, तो म्हणजे पडदा थांबवून धरणे. त्याची सोय आहे. `setKeepOnScreenCondition` या नावाची अट घातली, तर ती खरी असेपर्यंत स्प्लॅश हटत नाही. तिचा हेतू चांगला आहे. फोनमध्येच साठवलेली एखादी मांडणी वाचून होईपर्यंत क्षणभर थांबावे, म्हणजे अर्धवट पडदा दिसत नाही. मी तिचा वापर अक्षर पूर्ण होण्यासाठी केला, आणि हात लागलाच आहे तर नव्या पुस्तकांची यादी सर्व्हरवरून येईपर्यंतही थांबावे, अशी दुसरी अट जोडली.

त्या आठवड्यात मी पुण्याहून मुंबईला रेल्वेने निघाले. खंडाळ्याच्या घाटात राखून ठेवलेले पुस्तक पाहावे म्हणून ॲप उघडले. बोगदा होता, नेटवर्क नव्हते. 'अ' सुरेख लिहिला गेला आणि तिथेच थांबला. यादी येईना, अट खोटी होईना, पडदा हटेना. बोगद्यांमागून बोगदे गेले आणि मी एका सुंदर अक्षराकडे बघत बसले. मला हवी ती माहिती फोनमध्येच होती, आणि मीच लिहिलेल्या दोन ओळी मला ती दाखवत नव्हत्या. परतल्यावर त्या दोन्ही ओळी काढून टाकल्या. नेटवर्कवर अवलंबून असलेली कोणतीही गोष्ट या अटीत घालू नये, हे मी घाटात शिकले.

शिरोरेषा घरात

मग आम्ही प्रश्नच उलटा मांडला. प्रणालीच्या खिडकीत बंधने आहेत, कारण ॲप तिथे हजर नाही. पण पहिला पडदा रंगवला गेला की ॲप हजर असते, आणि त्यानंतरची सगळी जागा आपली. तिथे वर्तुळ नाही, सेकंदाची मर्यादा नाही, हालचालीच्या जातीचे बंधन नाही. मग जे खिडकीत मावत नाही ते पलीकडे का नेऊ नये?

काकांसमोर मी प्रस्ताव ठेवला: वळण, दुवा आणि काना स्प्लॅशमध्ये आणि शिरोरेषा ॲपच्या आत. स्प्लॅशमधल्या 'अ'वर शिरोरेषा नसेलच. ॲप उघडले की डोक्यावरची रेघ उमटेल आणि ती अक्षरापुरती न थांबता पडद्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाईल. तीच पानाची वरची रेघ. तिच्याखाली पुस्तकांची यादी आधीच वाचता येत असेल.

"म्हणजे लिहिणाऱ्यानं शब्द लिहायचा आणि शेवटी रेघ मारायची, तसंच," काका म्हणाले. "आम्हीही तेच करतो. फक्त तुमचा शब्द फार लांब आहे."

नवी वाटणी अशी ठरली: वळण ३००, दुवा १००, काना २००, एकूण ६०० मिलिसेकंद. शिरोरेषा आत २५० मिलिसेकंदांत, आणि ती चालू असतानाही बोट कुठेही चालते. तरीही नव्या फोनवर ४५४ ला पडदा उघडतो तेव्हा काना जेमतेम पाव झालेला असतो. त्यासाठी निरोपाच्या क्षणाची सोय वापरली. `setOnExitAnimationListener` लावले की प्रणाली स्प्लॅश स्वतः न काढता ॲपच्या हवाली करते, आणि ॲनिमेशन कधी सुरू झाले व ते किती लांब आहे हे सांगते. एकातून एक वजा केले की किती बाकी ते कळते. तेवढेच थांबायचे आणि मग `remove()` म्हणून ते स्वतः काढायचे. हे काढायला विसरले, तर स्प्लॅश पडद्यावर चिकटून राहतो. नव्या फोनवर बाकी राहतात सुमारे १५० मिलिसेकंद, आणि त्या वेळात खालचा पडदा तयारच असतो. जुन्या फोनवर बाकी शून्य, म्हणून तिथे थांबणे नाही. सावकाश फोनवाल्याच्या प्रतीक्षेत आपण भर घालायची नाही, हा नियम या वजाबाकीत आपोआप पाळला जातो.

मग लक्षात आले की जुन्या फोनवर या मांडणीला एक अर्थही आला आहे. तिथे 'अ' सहाशेव्या मिलिसेकंदाला लिहून होतो आणि पुढे सव्वा सेकंदभर बोडका उभा राहतो. पूर्वीचा पूर्ण 'अ' तसा उभा राहिला की फोन अडकला असे वाटे. आताचा अपुरा 'अ' पाहताना अजून काही यायचे आहे असे वाटते, आणि ते खरेच असते. ग्रंथपालबाईंना मी काही न सांगता दोन्ही दाखवले. दुसरा लवकर उघडतो, असे त्या म्हणाल्या. मोजले, तर दोघांना सारखाच वेळ लागत होता.

अँड्रॉइड १२ च्या आधीच्या फोनांसाठी एक वेगळी काळजी घ्यावी लागली. तिथे गूगलची जोड-संहिता वापरून स्प्लॅश दिसतो, पण चिन्ह हलत नाही, ते सुरुवातीच्या स्थितीत स्थिर राहते. आमच्या अक्षराची सुरुवातीची स्थिती म्हणजे कोरा कागद. म्हणून एकाच नावाच्या दोन आकृत्या ठेवल्या. `drawable-v31` या कप्प्यात हलती आणि साध्या `drawable` कप्प्यात लिहून झालेली. फोन आपल्या वयाप्रमाणे आपली उचलतो.

आयफोनचे घर वेगळे

आयफोनची गोष्ट याहून कडक आहे, पण म्हणूनच सोपी. तिथे उघडतानाच्या पडद्यावर हालचाल अजिबात चालत नाही. तो पडदा एका स्थिर आराखड्यात सांगायचा. त्याला स्वतःचा वर्ग, म्हणजे स्वतःची आज्ञावली, जोडता येत नाही. प्रणाली त्याचे चित्र काढून जपून ठेवते आणि बोट लागताच ते पुढे करते. हे चित्र इतके जपून ठेवलेले असते की आराखडा बदलला तरी कधीकधी जुनेच दिसत राहते. तपासणारा गोंधळतो. अशा वेळी ॲप काढून पुन्हा घातले आणि फोन बंद-चालू केला की नवे दिसते.

ॲपलची अपेक्षा अशी की हा पडदा ॲपच्या पहिल्या पडद्यासारखाच, फक्त रिकामा दिसावा, म्हणजे ॲप झटकन उघडल्यासारखे वाटते. त्यावर मजकूर नको, कारण तो भाषेप्रमाणे बदलत नाही, आणि जाहिरातही नको. आम्ही आयफोनवर नुसता कागदाचा रंग ठेवला. ॲप उघडले की शीर्षकाच्या जागी 'अ' असतो आणि त्यावरून तीच शिरोरेषा पानभर धावते. पूर्वार्ध गेला, उत्तरार्ध राहिला. अँड्रॉइडवर सूचनेवरून उघडताना चिन्ह दिसले नाही, तरी हाच उत्तरार्ध दिसतो. हालचालीचा महत्त्वाचा भाग आत नेल्याचा हा फायदा आधी ध्यानात आला नव्हता.

शेवटची दुरुस्ती एका सभासदामुळे झाली. पडद्यावर काही सरकले की त्यांना गरगरते, म्हणून त्यांनी फोनमधली हालचाल बंद करून ठेवली होती. तरी आमची रेघ धावत होती, कारण आतला भाग आमचा आणि तिथे आम्ही विचारलेच नव्हते. आता विचारतो: अँड्रॉइडवर `ValueAnimator.areAnimatorsEnabled()`, आयफोनवर `UIAccessibility.isReduceMotionEnabled`. हालचाल नको असे उत्तर आले, की रेघ धावत नाही, आधीच काढलेली असते. मोकळीक मिळाली की जबाबदारीही मिळते, आणि प्रणालीची बंधने जिथे संपतात तिथून आपली सुरू होतात.

ॲप सुरू झाले त्या दिवशी काकांनी आपल्या फोनवर ते चार-पाच वेळा उघडले. मग म्हणाले, "माझे चार सेकंद होते, तुम्ही एका सेकंदाच्या आत आणलेत. पण क्रम नाही चुकवलात." त्यांनी फोन खिशात ठेवला आणि बोरू धुवायला उठले. कार्यवाह मात्र अजून विचारतात, शिरोरेषा थोडी सावकाश धावली तर नाही का चालणार? मी त्यांना सांगते, चालेल. पण आधी एकदा घाटातून जाऊन या.